जीआयआर मोजायला कधी आणि का सुरुवात झाली, आणि ८ च्या वर गेला की डॉक्टर सावध का होतात

नवजात बाळाची शुगर परत परत खाली येत असली की एनआयसीयूमध्ये राउंडला पहिला प्रश्न हाच असतो, जीआयआर किती चाललाय? जीआयआर म्हणजे ग्लुकोज इन्फ्युजन रेट, बाळाच्या दर किलो वजनामागे दर मिनिटाला किती मिलिग्रॅम ग्लुकोज शिरेतून जातंय. आज हे इतकं अंगवळणी पडलंय की कधीकाळी असं कोणी मोजतच नव्हतं हे खरं वाटत नाही.

नवजात बाळांची शुगर धोकादायक खाली जाते हे हार्टमन आणि जॉडन यांनी १९३७ मध्येच लिहून ठेवलं होतं, पण मोठ्या प्रमाणावर लक्ष गेलं ते १९५९ नंतर, जेव्हा मार्विन कॉर्नब्लाथ आणि सहकाऱ्यांनी टॉक्सिमिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा आजार, झालेल्या आयांची बाळं दाखवली, झटके येणारी, निळी पडणारी, आणि ग्लुकोज दिल्यावर सुधारणारी. मग ग्लुकोज द्यायचं हे ठरलं, पण कसं द्यायचं? तेव्हाची पद्धत म्हणजे २५ टक्के, कधी ५० टक्के डेक्स्ट्रोजचा, म्हणजे ग्लुकोजच्याच द्रावणाचा, दणदणीत बोलस, एकदम दिलेला डोस, आणि त्यानंतर ड्रिप, जिचा हिशोब दिवसाला किती मिली पाणी असा. बोलसने शुगर एकदम वर जायची, बाळाचं स्वादुपिंड त्याला उत्तर म्हणून इन्सुलिन सोडायचं, आणि थोड्या वेळाने शुगर परत खाली. मग परत बोलस. शीर जळायची ती वेगळीच.

हे चक्र तुटायला एका साध्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, की निरोगी बाळाचं लिव्हर स्वतः किती ग्लुकोज बनवतं? ते १९७७ मध्ये डेनिस बियर यांच्या गटाने मोजलं. ड्युटेरियम लावलेलं ग्लुकोज, म्हणजे किरणोत्सर्ग नसलेलं आणि बाळाला सुरक्षित, अगदी थोडं शिरेतून सोडायचं आणि ते रक्तात किती पातळ होतंय ते बघायचं, जेवढं जास्त पातळ तेवढं शरीर स्वतः जास्त बनवतंय. उत्तर आलं किलोमागे मिनिटाला साधारण ६ मिलिग्रॅम, मोठ्या माणसात हेच २ च्या आसपास. आणि त्यांच्या मोजमापात हा आकडा मेंदूच्या वजनाशी जुळत गेला, जे समजण्यासारखं आहे कारण नवजात बाळाच्या वजनाचा दहावा भाग तरी नुसता मेंदू असतो आणि ग्लुकोजचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक तोच.

माझ्या मते खरा बदल इथे झाला. ड्रिप म्हणजे आता बाटलीतलं पाणी राहिलं नाही, लिव्हरचं काम आपण बाहेरून करतोय, त्याच्याच मापात. १९८० मध्ये लिलियन आणि पिल्डेस यांच्या गटाने मिनीबोलस मांडला, किलोमागे फक्त २०० मिलिग्रॅम, म्हणजे १० टक्के डेक्स्ट्रोजचे २ मिली, आणि लगेच ८ मिलिग्रॅमने चालू ड्रिप. शुगर पटकन वर आली पण डोक्यावरून गेली नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०११ च्या सूचनांमध्येही तोच २०० चा बोलस आहे, ड्रिप ५ ते ८.

आता हिशोब. मिली प्रति तास गुणिले डेक्स्ट्रोजचा टक्का, भागिले ६ गुणिले वजन किलोमध्ये. तो ६ ऐकून बरेच जण घोकंपट्टी करतात, पण त्यात काही गूढ नाही, १ टक्का म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम, आणि तासाची ६० मिनिटं, ६० भागिले १० म्हणून ६.

एक बाळ समजा, ४ किलोचं, आईला डायबेटिस नाही, सहाव्या तासाला थरथर आणि शुगर २४. ८ मिली मिनीबोलस दिला, मग १० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे दिवसाला ८० मिली या हिशोबाने, म्हणजे तासाला १३.३ मिली. १३.३ गुणिले १०, भागिले २४, जीआयआर साडेपाच. लिव्हर जेवढं बनवतं जवळजवळ तेवढं. अर्ध्या तासाने शुगर ३८, अजूनही कमीच. जीआयआर ८ करायचा तर याच बाटलीतून तासाला १९.२ मिली लागतील, दिवसाला किलोमागे ११५ मिली पाणी, पहिल्या दिवसाच्या बाळाला हे जास्त आहे, सोडियम खाली येईल. म्हणून पाणी फारसं न वाढवता टक्का वाढवायचा, १२.५ टक्क्याने तोच ८ चा जीआयआर तासाला १५.४ मिलीत बसतो. पण हाताच्या शिरेतून साधारण १२.५ च्या वर जात नाहीत, शीर सुजते, बाहेर गळलं तर कातडी मरते. दुसऱ्या दिवशी या बाळाला १२ लागायला लागले तर नाळेच्या शिरेत लाइन टाकून २० टक्के डेक्स्ट्रोज, तासाला १४.४ मिली.

आणि इथे थांबून विचार करायचा असतो. निरोगी लिव्हर ६ च्या आसपास देतं आणि तेवढ्यात बाळाचं भागतं, मग या बाळाला बाहेरून १२ का लागतायत? ग्लुकोज कुठेतरी ओढलं जातंय. इन्सुलिन जास्त असेल तर ते लिव्हरचं उत्पादन बंद करतं, स्नायू आणि चरबीत ग्लुकोज ढकलतं, वर कीटोनही बनू देत नाही, म्हणजे मेंदूला पर्यायी इंधनसुद्धा नाही. म्हणून ८ ते १० च्या वर गेलेला जीआयआर हा हायपरइन्सुलिनिझमचा, म्हणजे गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सुटण्याचा, इशारा मानतात. जो आकडा डोस मोजायला आला तोच निदानाचा धागा झाला.

पण इशाराच, निदान नव्हे. डायबेटिस असलेल्या आईच्या बाळालाही काही दिवस जास्त लागू शकतं, जन्माच्या वेळी गुदमरलेल्या किंवा वाढ खुंटलेल्या बाळाला काही आठवडेसुद्धा. खरं निदान शुगर ५० च्या खाली असतानाच्या रक्तावर होतं, त्या क्षणी इन्सुलिन सापडतंय का, कीटोन आणि फॅटी ॲसिड दबलेत का, लिव्हरमधला ग्लुकोजचा साठा सोडवणारं ग्लुकॅगॉन हॉर्मोन दिल्यावर शुगर ३० ने तरी वाढते का. हे रक्त घ्यायचं राहून जातं कारण सगळे बोलसच्या घाईत असतात, मग तसा क्षण परत मुद्दाम आणावा लागतो. घाई समजते मला, पण बोलस सिरिंजमध्ये भरत असतानाच दुसऱ्या माणसाने रक्ताची नळी भरून घ्यावी.

आणि आकडा खोटा पडायच्या जागा ठरलेल्या आहेत. ड्रिप चाललेल्या हातातूनच सॅम्पल घेतलं की शुगर खोटी जास्त येते. शीर गळत असेल तर पंपावर १२ दिसतं आणि बाळाला मिळतं खूप कमी. औषधं डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून जात असतील तर ते ग्लुकोज कोणी मोजतच नाही. म्हणून शुगर अचानक पडली की जीआयआर वाढवायच्या आधी पांघरूण काढून सुई लावलेली जागा बघायची.

आपल्या बाळाचं इन्सुलिन सापडलं, कीटोन शून्याजवळ, तर इन्सुलिन सुटणं रोखणारं डायझॉक्साइड सुरू होतं, १९६४ पासून या आजारात वापरात असलेलं. त्याने शरीरात पाणी साठतं, आणि २० टक्क्याच्या ड्रिपने पाणी कमी ठेवल्याचा फायदा इथे होतो. औषध लागू पडलं की ड्रिप एकदम बंद नाही करायची, दूध वाढवत जीआयआर १-२ ने, काही तासांच्या अंतराने खाली, प्रत्येक पायरीवर शुगर बघून. पुरेसा डोस देऊन काही दिवसांनीही १२ च्या खाली येता येत नसेल तर इन्सुलिन सोडणाऱ्या बीटा पेशीतल्या पोटॅशियम चॅनेलच्या जनुकांची तपासणी पाठवायची, कारण डायझॉक्साइड त्या चॅनेलवरच काम करतं आणि चॅनेलच बिघडला असेल तर बहुतेक वेळा त्याला उत्तरच मिळत नाही.