कप कुठून कुठे सरकला?

टेबलावरचा कप कुणीतरी डावीकडून उजवीकडे सरकवतं. दुसऱ्या क्लिपमध्ये तोच कप उजवीकडून डावीकडे येतो. या दोन क्लिप संगणकाला वेगवेगळ्या ओळखायच्या आहेत.

एक सरळ पद्धत अशी: प्रत्येक फ्रेम फोटो ओळखणाऱ्या नेटवर्कमधून काढायची आणि तिचा सारांश म्हणून एक आकड्यांची यादी घ्यायची. मग या याद्या एकामागून एक एलएसटीएमला द्यायच्या, म्हणजे आधीचं लक्षात ठेवत पुढचं वाचणाऱ्या नेटवर्कला. दुसऱ्या पद्धतीत फ्रेमची चळत करून तिच्यावरून ३×३×३ ची चौकट फिरवतात. ही त्रिमितीय चौकट एका वेळी तीन फ्रेमचे तुकडे एकत्र पाहते.

फरक कुठे पडतो ते तीनच ठिपक्यांवर पाहू. कप असेल तिथे १, नसेल तिथे ०:

```
फ्रेम १:  १ ० ०
फ्रेम २:  ० १ ०
फ्रेम ३:  ० ० १
```

सारांश करताना बहुतेकदा संपूर्ण फ्रेमची सरासरी घेतात. इथे ती तिन्ही वेळा १/३ येते, आणि क्लिप उलटी चालवली तरी १/३च. एलएसटीएमपर्यंत दिशा पोचतच नाही, मग त्याची स्मरणशक्ती कितीही दांडगी असो. त्रिमितीय चौकटीतले आकडे, म्हणजे वजनं, याच तिरक्या रेषेवर १ आणि बाकी ठिकाणी ० असतील, तर गुणून बेरीज ३ येते आणि उलट्या क्लिपवर फक्त १. दिशा लगेच कळली. (खऱ्या नेटवर्कमध्ये जागेचा थोडा माग सारांशातही उरतो, एलएसटीएम अगदीच आंधळं नसतं.)

तरीही २०१७ मध्ये कॅरेरा आणि झिसरमन या संशोधकांनी तुलना केली तेव्हा, यूसीएफ-१०१ या माणसांच्या कृतींच्या क्लिपच्या संचावर एलएसटीएमला ८१ टक्के मिळाले आणि साध्या त्रिमितीय नेटवर्कला ५१.६. एलएसटीएमखालचं नेटवर्क इमेजनेटच्या फोटोंवर आधीच तयार झालेलं होतं, तर त्रिमितीय नेटवर्कला सुमारे ७ कोटी ९० लाख वजनं शून्यापासून शिकायची होती. संचात क्लिप होत्या जेमतेम तेरा हजार. शिवाय तबला किंवा क्रिकेट ओळखायला एक फ्रेमही बऱ्याचदा पुरते.

त्यांचा उपाय मला फार आवडतो. फोटोंवर शिकलेली ३×३ ची चौकट तीनदा एकावर एक ठेवायची आणि वजनांना तीनने भागायचं. स्थिर क्लिपवर ती फोटोइतकंच उत्तर देते, आणि हालचाल तिथून पुढे शिकते. अशा नेटवर्कला त्याच संचावर ८४.५ टक्के मिळाले.

तुमचं मॉडेल काय पाहतं हे तपासायचं असेल, तर चाचणीच्या क्लिपमधल्या फ्रेमचा क्रम उलटा करा. तबल्याच्या क्लिपवर उत्तर बदललं नाही तर बिघडलं नाही. कपाच्या क्लिपवर बदललं नाही, तर ते फक्त कप आणि टेबल पाहतंय.