जेल म्हणून दिली, एजीएम निघाली (आणि उलटंही)

आमच्या बेळगाव-खानापूर भागात दुकानात गेलं की इन्व्हर्टरसाठीची झाकण नसलेली कुठलीबी बॅटरी 'जेल'च असते, पण तिच्या आत बहुतेक वेळा एजीएम असते. बाहेरनं दोन्ही सारख्याच, सील केलेल्या, पाणी घालायचं नाही. फरक आत ॲसिड कसं धरून ठेवलंय त्यात हाय. एजीएममध्ये प्लेटांच्या मधे काचेच्या बारीक तंतूंची चटई असते, टिपकागदानं शाई शोषावी तसं ती ॲसिड शोषून घेते. जेलमध्ये ॲसिडात सिलिका मिसळून त्याची घट्ट खळ करतात.

आता हे कळून काय करायचं? मागच्या वर्षी खानापूरला मावशीकडं जुनी पाण्याची ट्यूब्युलर काढून 100 एएचची खरीखुरी जेल बसवली, लेबलवरबी जेलच लिहिलेलं. बसवणाऱ्यानं इन्व्हर्टरच्या मागचा बॅटरीचा प्रकार निवडायचा स्विच मात्र ट्यूब्युलरवरच ठेवला. पावसाळ्यात करंट सारखा जातोय, आला की चार्जिंग सुरू. सुरुवातीला दोन पंखे आणि लाईटवर साडेचार-पाच तास निघायचे, वर्षाच्या आत दोन तासांवर आलं. मावशी म्हणाली, "अरे, नवीच हाय की, बिघडली कशी?" चार्जिंग चालू असताना मीटर लावला तर 14.8 व्होल्ट!

पाण्याच्या बॅटरीला एवढा व्होल्टेज चालतो. बुडबुडे येतात, वर जातात, उलट तळाला बसलेलं दाट ॲसिड ढवळून निघतं, फक्त पाणी कमी होतं ते डिस्टिल्ड वॉटर घालून भरायचं. जेलला साधारण 14.1 ते 14.2, फार तर 14.4. त्यापुढं जो गॅस होतो तो खळीतनं पटकन बाहेर पडत नाही, प्लेटेला लागूनच पोकळ्या होतात, आणि तेवढा भाग कायमचा कामातनं जातो कारण तिथं ॲसिडच पोचत नाही. स्विच बदलला तरी गेलेली कपॅसिटी परत येत नाही, मावशीची आली नाहीच.

एजीएमला 14.4 ते 14.7 पर्यंत चालतं. चटईत थोडी छिद्रं रिकामी ठेवलेली असतात, त्यातनं ऑक्सिजन निगेटिव्ह प्लेटेकडं जाऊन परत पाणी होतं. तरी सतत जास्त व्होल्टेज दिला तर व्हॉल्व्हमधनं गॅस निघून तीबी कोरडी पडते, आणि वरनं पाणी घालायची सोय नसते. बंद कपाटात, उन्हाळ्यात तर ती तापत जाते, तापली की अजून करंट ओढते.

वापराचं म्हणाल तर कॉम्प्युटरच्या यूपीएसला, जिथं थोडा वेळ पण दणकून करंट लागतो, तिथं एजीएम, तिचा अंतर्गत रोध कमी असतो. सावकाश, तासन्‌तास, रोज खोलवर वापरायची असेल तर जेल बरी, पण चार्जर तिच्या मापाचा असला तरच. घरात पाणी बघणारं माणूस असेल आणि हवेशीर जागा असेल तर मला विचाराल तर साधी ट्यूब्युलरच घ्या, चुका सोसते.

दुकानदाराच्या तोंडाकडं न बघता लेबल वाचा, 'सायकल यूज', म्हणजे रोज उतरवून परत चार्ज करायच्या वापरासमोर किती व्होल्ट लिहिलेत ते बघा आणि चार्जिंग पूर्ण होत आलं की बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावून तेवढेच येतात का ते तपासा.