'बऱ्यापैकी' म्हणजे नक्की किती?

इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणताना सगळे प्रश्नांवर डोकं फोडतात आणि खालचे 'कधीच नाही' ते 'नेहमी' असे पाच पर्याय मात्र शेवटी घाईघाईत उरकले जातात, पण मार्क तर त्या पर्यायांवरूनच पडतात ना! अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्टने 1932 मध्ये ही पद्धत मांडली तेव्हापासून उत्तराला 1 ते 5 द्यायचे आणि बेरीज करायची असंच चाललंय. मग चौथा पर्याय मराठीत जरा जास्तच जोरकस झाला की लोक तो निवडायला कचरतात, तिसऱ्यावर थांबतात, आणि मराठी माणूस कमी समाधानी आहे असा निष्कर्ष फुकटचा निघतो.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे बॅक ट्रान्सलेशन, मराठी मजकूर दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करून घ्यायचा. पण 'बरेचदा' आणि 'अनेकदा' दोन्ही 'ऑफन' होऊनच परत येतात, त्यातलं जास्त कुठलं हे कळतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या दशकात जीवनमानाची WHOQOL प्रश्नावली एकदम अनेक भाषांत बनवली (दिल्ली आणि मद्रास ही त्यातली आपली केंद्रं), तेव्हा त्यांनी यावर फार छान तोड काढली. शब्दांचं भाषांतर करायचंच नाही, ते मोजायचे! आधी फक्त दोन टोकं ठरवायची, उदाहरणार्थ 'कधीच नाही' आणि 'नेहमी'. मग मधले निदान 15 शब्द गोळा करायचे, निदान 20 साध्या माणसांना प्रत्येक शब्दासाठी 100 मिलिमीटरची एक कोरी रेघ द्यायची, आणि हा शब्द या दोन टोकांमध्ये कुठे बसतो तिथे खूण करायला सांगायची. ज्याची सरासरी 20 ते 30 मिमीत येईल तो दुसरा पर्याय, 45 ते 55 वाला मधला, 70 ते 80 वाला चौथा.

मराठीत करून बघायचं तर 'अजिबात नाही' ते 'प्रचंड' या रेघेवर 'बऱ्यापैकी' घ्या. समजा निम्म्या लोकांनी 35 वर खूण केली, कारण त्यांच्या लेखी ते 'ठीकठाक', आणि निम्म्यांनी 65 वर, कारण त्यांच्या घरी ते 'चांगलंच' या अर्थी बोलतात. सरासरी बरोब्बर 50, म्हणजे मधला पर्याय म्हणून एकदम फिट! आणि तरीही शब्द बाद करायला हवा, कारण प्रत्यक्षात 50 च्या आसपास एकही माणूस नाहीये. म्हणून नुसती सरासरी पाहून भागत नाही, खुणा किती विखुरल्यात तेही बघायचं, आणि तेही पुण्यातल्या कॉलेजची पोरं धरून नाही तर ज्यांना पुढे प्रश्न विचारणार आहोत त्याच गावातल्या, त्याच वयाच्या लोकांकडून, कारण हाच शब्द नागपूरला वेगळ्या जागी पडू शकतो.

शेवटी निवडलेले पाच शब्द चिठ्ठ्यांवर लिहून, पिसून, लोकांना कमी ते जास्त असे लावायला द्यायचे. तिसरी-चौथी चिठ्ठी वारंवार उलटसुलट लागत असेल तर त्यातला एक शब्द बदलून पुन्हा रेघेपासून सुरुवात.

एक गोष्ट मात्र ही रेघ सांगू शकत नाही, ती म्हणजे मराठीतलं 'प्रचंड' आणि इंग्रजीतलं 'एक्स्ट्रीमली' ही टोकं मुळात सारखी आहेत का. ते आपण गृहीतच धरलेलं असतं, आणि गप्पांमध्ये 'प्रचंड' किती सहज वापरला जातो ते बघता मी तरी टोकाला 'अतिशय' लावूनही एक फेरी करून बघेन.