खुलासा: पेटीवरचे डाग आणि नोसेमा

"मधमाश्यांच्या पेटीच्या तोंडावर पिवळट विष्ठेचे डाग दिसले की नोसेमा झालाच, आणि डाग नसतील तर वसाहत निरोगी."

नोसेमा हा मधमाश्यांच्या आतड्याचा, बीजाणूंनी पसरणारा रोग. वरच्या समजातली दोन्ही विधाने चुकीची आहेत. बरेच दिवस बाहेर पडता न आल्याने किंवा न पचणाऱ्या अन्नानेही माश्यांना हगवण लागते. उलट नोसेमा सेराने या प्रकारात डाग बहुधा पडतच नाहीत, वसाहत फक्त हळूहळू रोडावते.

खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. नमुना दारावर परतणाऱ्या वयस्क माश्यांचा घ्यावा. नुकत्याच कोषातून बाहेर पडलेल्या माश्यांत बीजाणू नसतात, त्यामुळे अशा कोवळ्या माश्या असलेल्या पिलाव्याच्या चौकटीवरून घेतलेला नमुना फसवतो. 60 माश्यांची पोटे 60 मिली पाण्यात नीट कुटावीत, गाळून एक थेंब हिमोसायटोमीटर या बारीक चौकोन आखलेल्या मोजणीच्या काचेवर ठेवावा आणि 400 पट मोठा करून पाहावा. बीजाणू चकाकते, गडद कडेचे, तांदळाच्या दाण्यासारखे लांबट दिसतात. परागकण बरेच मोठे असतात. यीस्ट मात्र गोंधळात टाकते.

समजा 80 लहान चौकोनांत 40 बीजाणू मिळाले. एका लहान चौकोनावर 1 मिलीचा 40 लाखावा भाग मावतो आणि दर माशीमागे पाणी 1 मिली आहे, म्हणून 40 भागिले 80, गुणिले 40 लाख, म्हणजे दर माशीमागे सरासरी 20 लाख. 10 लाखांच्या वरचा आकडा सहसा गंभीर धरतात. पण ही सरासरी आहे. मोजक्याच माश्या तुडुंब भरलेल्या असल्या तरी ती फुगते, म्हणून काही पोटे वेगवेगळीही तपासावीत.

आकडा जास्त असेल तर जुनी, डागाळलेली पोळी काढून टाकावीत, पेटी कोरडी ठेवावी आणि त्या वसाहतीच्या चौकटी दुसऱ्या पेटीत घालू नयेत.