काळ्या जमिनीचा मृदाखड्डा : गणनिश्चिती

दख्खनच्या बेसाल्टवर तयार झालेल्या काळ्या जमिनीत खड्डा खणून, त्यातील निदानक थर ओळखून आणि हाताने करता येणाऱ्या चाचण्या घेऊन ती जमीन कोणत्या मृदागणात, म्हणजे वर्गीकरणाच्या सर्वांत वरच्या गटात, मोडते हे ठरवण्याची पद्धत. वर्गीकरणासाठी अमेरिकी कृषी खात्याची मृदावर्गीकरण पद्धत वापरतात. ती १९७५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि आज तिच्यात १२ गण आहेत. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेचे नकाशेही याच पद्धतीवर बेतलेले असतात.

या पद्धतीत गण ठराविक क्रमाने तपासायचे असतात. ज्या गणाच्या सर्व अटी आधी पूर्ण होतील तोच त्या जमिनीचा गण, मग पुढच्या एखाद्या गणाचे वर्णन कितीही जुळो. महाराष्ट्राच्या काळ्या पट्ट्यात हा क्रम फार उपयोगी पडतो. व्हर्टिसॉल हा गण मॉलिसॉल, अल्फिसॉल, इन्सेप्टिसॉल आणि एन्टिसॉल या चौघांच्या आधी येतो. त्यामुळे खड्ड्यात उतरल्यावर पहिला प्रश्न एकच : ही जमीन व्हर्टिसॉल आहे की नाही?

व्हर्टिसॉलच्या तीन अटी. पहिली अट अशी की पृष्ठभागापासून १०० सेंमीच्या आत सुरू होणारा, किमान २५ सेंमी जाडीचा असा थर हवा, ज्यात घसरपृष्ठे, म्हणजे घासून गुळगुळीत झालेल्या तिरक्या बाजू, किंवा पाचरीच्या आकाराची ढेकळे आहेत. या ढेकळांचा लांब अक्ष आडव्या पातळीशी १० ते ६० अंशांचा कोन करतो. दुसरी अट चिकणमातीची. वरच्या १८ सेंमीत (नांगरट त्याहून खोल असेल तर तेवढ्या खोलीपर्यंत) ती सरासरी ३० टक्के किंवा जास्त हवी, आणि १८ पासून ५० सेंमीपर्यंतच्या प्रत्येक थरात स्वतंत्रपणे ३० टक्के किंवा जास्त हवी. खडक वा कठीण थर आधी लागला तर मोजणी तिथपर्यंतच. तिसरी अट म्हणजे ऋतूनुसार उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या भेगा. रंग या अटींत कुठेच नाही. खोलीचीही वेगळी अट नाही, म्हणून गावात ‘भारी’ म्हटलेली जमीन व्हर्टिसॉल असेलच असे नाही.

खड्डा. साधारण १.५ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १.५ मीटर खोल खड्डा घेतात. ज्या भिंतीवर ऊन पडेल ती पाहणीसाठी ठेवून त्या बाजूला मातीचा ढीग टाकत नाहीत. दुसऱ्या टोकाला पायऱ्या ठेवतात. रब्बीची काढणी झाल्यावर, जमीन किंचित ओलसर असताना काम सोपे जाते. पावसाळ्यात भिंती लिंपल्यासारख्या होतात. ऐन मे महिन्यात ढेकळे दगडासारखी होऊन वाटेल तशी फुटतात. या मातीत घसरपृष्ठ हीच भिंत कोसळण्याची सपाटी असते, त्यामुळे खड्डा छातीइतका खोल झाला की एकट्याने आत उतरू नये आणि भिंतीला टप्पा द्यावा.

घसरपृष्ठ ओळखणे. चुका इथेच सर्वाधिक होतात. माती फुगताना मोठी ढेकळे एकमेकांवर घासून सरकतात आणि सरकलेल्या बाजू गुळगुळीत, चकचकीत होतात. पण फावड्याच्या पात्यानेही ओल्या चिकणमातीवर अशीच चकाकी येते. म्हणून खणलेल्या भिंतीवर निर्णय घेत नाहीत. चाकूचे टोक खुपसून ढेकूळ हळूच उचकटतात, ते आपल्या नैसर्गिक सांध्यावर सुटू देतात आणि सुटलेली बाजू पाहतात. घसरपृष्ठावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक समांतर रेघा असतात आणि ते तिरके असते. ढेकूळ चकचकीत असूनही रेघा नसतील तर तो केवळ दाबाने आलेला चेहरा समजावा. तो अटीत बसत नाही. याच चकाकीला चिकणमातीचे लेपन समजून काही जण जमीन अल्फिसॉलकडे, म्हणजे वरून वाहून आलेली चिकणमाती खाली साठलेल्या गणाकडे, ढकलतात. खरे लेपन वाहून आलेले असते, म्हणून भिंगातून ते छिद्रांच्या आणि मुळांच्या नळ्यांच्या आतल्या बाजूवरही दिसते. दाबाचा चेहरा तिथे पोहोचत नाही.

फितीची चाचणी. मूठभर माती २ मिमी चाळणीतून चाळतात, थेंब थेंब पाणी घालून पुटीसारखी होईपर्यंत मळतात आणि अंगठा व तर्जनीमध्ये दाबत फीत काढतात. फीत तुटण्याआधी ५ सेंमीहून लांब गेली तर चिकणमाती बहुधा ४० टक्क्यांच्या वर असते आणि दुसरी अट निर्धास्त मानता येते. अडचण २.५ ते ५ सेंमीच्या फितीची. ती साधारण २७ ते ४० टक्क्यांची खूण आहे आणि ३० ची रेघ नेमकी तिच्यात पडते. शिवाय काळ्या मातीतील स्मेक्टाइट खनिज चिकट असल्याने हाताला चिकणमाती असते त्याहून जास्त भासते. असा नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याखेरीज मार्ग नाही.

भेगा. बारीक सळईने त्यांची खोली मोजतात. काळ्या जमिनीचा वरचा थर उन्हाळ्यात आपोआप रवाळ होतो आणि भेगांची तोंडे बुजवतो. तो हाताने बाजूला केल्याशिवाय ‘भेगा नाहीत’ असे लिहू नये. बारमाही ओलिताच्या उसात भेगा दिसत नाहीत, म्हणून ओलिताआधीची स्थिती शेतकऱ्याला विचारावी लागते.

एका उताराचे उदाहरण. समजा, टेकडीच्या माथ्यापासून नाल्यापर्यंत तीन खड्डे घेतले आहेत. नाल्याजवळच्या खड्ड्यात सर्व थरांची फीत ६ सेंमीच्या वर जाते, भेगा ७० सेंमीपर्यंत आहेत आणि ५० ते ११० सेंमीत घसरपृष्ठे आहेत. हा थर १०० सेंमीच्या आत सुरू होतो आणि त्याची जाडी ६० सेंमी भरते. तिन्ही अटी पूर्ण, गण व्हर्टिसॉल. खालच्या थरात चुनखडीचे खडे आहेत आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच फसफसतो. त्याने उपविभाग बदलू शकेल, गण बदलत नाही.

मधल्या खड्ड्यात ४५ सेंमीवर मुरूम लागतो. फीत तेवढीच लांब, भेगाही आहेत, पण रेघांची घसरपृष्ठे केवळ ३० ते ४० सेंमीत सापडतात. १० सेंमी म्हणजे २५ नव्हे, तेव्हा व्हर्टिसॉल बाद. नांगरटीखाली १५ सेंमीहून जाड, ढेकळी घडण असलेला बदललेला थर आहे आणि त्याचा तळ २५ सेंमीच्या खाली जातो. म्हणून इन्सेप्टिसॉल. मात्र एक शंका उरते. वरचा थर गडद आहे. ओल्या मातीचा रंग मातीचे रंग जुळवण्याच्या मुन्सेल पुस्तकातील १० वायआर ३/२ शी जुळतो. त्यात सेंद्रिय कर्ब ०.६ टक्के वा अधिक निघाला, जाडी पुरेशी भरली आणि सुकल्यावर तो सलग कठीण होत नसला, तर मॉलिसॉलचा दावा आधी येतो. काळ्या जमिनीचा काळेपणा कर्बाच्या प्रमाणात नसल्याने डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. नोंदीत ‘इन्सेप्टिसॉल, कर्ब तपासणी बाकी’ असे लिहिणेच योग्य.

माथ्याजवळ १८ सेंमी मातीखाली थेट मुरूम आहे. वरच्या नांगरटीच्या थरात गडदपणाही नाही आणि त्याखाली बदललेल्या थराला जागाच नाही. गण एन्टिसॉल.

कोकणातील जांभ्याच्या लाल मातीला ही रीत अर्धीच लागू पडते. तिथे अल्फिसॉल आणि अल्टिसॉल यांतील फरक खोलवरच्या क्षारक संपृक्ततेवर, म्हणजे मातीने धरलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमसारख्या क्षारकांच्या टक्केवारीवर, ३५ टक्क्यांच्या रेषेवर ठरतो, आणि ती संख्या खड्ड्यात काढता येत नाही.