गंगू तेली नक्की कोण होता? की होती?

परवा एका लग्नात स्थळांवरून गप्पा चालू होत्या, तेवढ्यात एक काका बोलून गेले, "अहो कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली!" सगळे हसले. पण एका जातीचं नाव घेऊन कुणाची तरी लायकी काढली गेली, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

यावर एक खुलासा सारखा फॉरवर्ड होत असतो: गंगू म्हणजे त्रिपुरीचा कलचुरी राजा गांगेयदेव आणि तेली म्हणजे तैलंग, म्हणजे दक्षिणेतला चालुक्य राजा जयसिंह. भोजाने दोघांना हरवलं म्हणून लोक म्हणायला लागले की कुठे भोज आणि कुठे गांगेय-तैलंग, आणि बोलता बोलता त्याचं गंगू तेली झालं. म्हणजे मूळ टोमणा दोन राजांना होता, तेल्यांना नाही. ऐकायला भारी वाटतं, आणि तिघे राजे खरंच ११व्या शतकातले, एकाच काळातले.

पण मला हे पूर्ण पटत नाही. एक तर सगळी भिस्त नावं सारखी ऐकू येण्यावर, आणि दुसरं म्हणजे भोज आणि गांगेय आधी जयसिंहाविरुद्ध एकाच बाजूने लढले होते, वैर नंतरचं, मग गांगेय आणि जयसिंह यांना एका दावणीला बांधून कोण हिणवेल?

खुद्द भोजाच्या राजधानीत, मध्य प्रदेशातल्या धारला, वेगळीच गोष्ट सांगतात. तिथल्या लाट मशिदीजवळ (मशीद १४०५ ची) एका जुन्या लोखंडी खांबाचे तीन तुकडे पडलेत, जोडले तर जवळपास १३ मीटर भरतील. लोक म्हणतात ही गांगली तेलणीच्या तराजूची दांडी, आजूबाजूचे मोठे धोंडे तिची वजनं, आणि नालछा गावाजवळची टेकडी तर तेलण टेकरी म्हणूनच ओळखली जाते. तिथे म्हणीतही तेलणच आहे, आणि ती राक्षसासारखी अवाढव्य बाई! आपल्यापर्यंत येईस्तोवर त्या गांगलीचा गंगू झाला, बाई गेली, तिची ताकद गेली, उरली फक्त जात. आता ही गोष्ट म्हणजे इतिहास नव्हे हे उघड आहे, एवढा मोठा खांब बघून कुणीतरी रचलेली असणार, पण तिच्यात तेलण कुठेच क्षुल्लक नाही.

मराठीत याच साच्यातली दुसरी म्हण आहे, "कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी", तिथे टपली गरीब भटजीला. म्हणजे साचा तोच, वरच्या बाजूला राजा नाहीतर देव, खालच्या बाजूला ज्याची टर उडवायची तो. फरक एवढाच की शामभट हा एक माणूस वाटतो, आणि "तेली" म्हटलं की घाणा चालवणारी अख्खी जात त्यात येते. आणि ज्या महाराष्ट्रात आपण ही म्हण वापरतो तिथेच तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे तेलीच होते.

आणि हो, गांगेयवाला खुलासा खरा धरला तरी त्याचा शेवट फॉरवर्डमध्ये कधी नसतो. भोजाच्या अखेरच्या दिवसांत धारवर चाल करून आलेल्यांत गुजरातच्या भीमदेवाबरोबर एक कर्ण होता, आणि तो गांगेयदेवाचाच मुलगा.