बाटल्या किती मागवायच्या?

कुडाळ तालुक्यात माझ्या मामीचा अमृत कोकमचा लहानसा उद्योग आहे. रातांबे आसपासच्या परसांतून येतात, साखर गावातच मिळते. काचेच्या बाटल्या मात्र घाट उतरून कोल्हापुराहून याव्या लागतात. एका खेपेला किती बाटल्या मागवायच्या, हा तिचा दर वर्षीचा प्रश्न. मी कारखान्यांच्या खरेदी खात्यात वीस वर्षं काढली. म्हणून एका सुट्टीत मी तिच्या वह्या उघडल्या आणि हिशेब मांडून पाहिला. इथे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

वर्षाला 24,000 बाटल्या लागतात. टेंपोची एक खेप 3,000 रुपयांना पडते, मग आत बाटल्या कमी असोत की जास्त. बाटली 16 रुपयांची. ती वर्षभर पडवीत पडून राहिली तर तिच्यात अडकलेल्या पैशाचं व्याज सुमारे 2 रुपये होतं. फूटतूट आणि जागा यांचे आणखी 2 धरू. म्हणजे एक बाटली वर्षभर सांभाळायला 4 रुपये लागतात.

आता ओढाताण अशी, की थोड्या थोड्या बाटल्या आणल्या तर टेंपोवाल्याचं भाडं वाढतं आणि एकदम आणल्या तर सांभाळण्याचा खर्च वाढतो. या दोन खर्चांची बेरीज सगळ्यांत कमी कुठे होते? फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने 1913 साली याचं उत्तर एका सूत्रात मांडलं. त्याचा प्रश्न कारखान्यात एका वेळी किती सुटे भाग बनवावेत हा होता, पण गणित तेच आहे. पुढे 1934 मध्ये आर. एच. विल्सन याने ते लोकांपर्यंत नेलं, म्हणून कित्येक ठिकाणी ते विल्सनच्याच नावाने ओळखलं जातं. खरेदी खात्यात त्याला ‘ईओक्यू’, म्हणजे सर्वांत किफायतशीर खेपेचा आकडा, म्हणतात.

```
Q = √(2 × D × S / H)
Q = √(2 × 24000 × 3000 / 4) = 6000
```

D म्हणजे वर्षाची गरज, S म्हणजे एका खेपेचा खर्च आणि H म्हणजे एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च. उत्तर 6,000, म्हणजे वर्षाला चार खेपा. भाडं 12,000 रुपये. पडवीत सरासरी 3,000 बाटल्या राहतात, त्यांचा खर्चही 12,000. हे दोन आकडे सारखे येणं हा योगायोग नाही. सर्वांत कमी खर्चाच्या जागी ते नेहमीच सारखे येतात. त्यामुळे वही पाहून पटकन ताडता येतं: वर्षाचं भाडं सांभाळण्याच्या खर्चाहून बरंच जास्त असेल, तर खेपा फार लहान पडताहेत.

मला या सूत्रातली सगळ्यांत मोलाची वाटते ती त्याची सहनशीलता. मामीने 6,000 ऐवजी 9,000 मागवल्या तर एकूण खर्च 24,000 वरून 26,000 होतो. 4,000 मागवल्या तरी 26,000च. दीडपट चुकूनही भुर्दंड आठ टक्क्यांच्या आसपास. आलेखावर ही रेघ तळाशी परातीसारखी पसरट असते. नेमका आकडा गाठायला जिवाचा आटापिटा करण्यात अर्थ नाही.

मामी मात्र वर्षात दोनच खेपा आणते, मोठ्या ट्रकने, प्रत्येकी 12,000 बाटल्यांच्या. पहिली मार्चअखेर, दुसरी मे महिन्याच्या मध्यावर. सूत्राच्या दुप्पट! मी आधी तिलाच समजवायला निघालो होतो. मग सूत्र काय काय गृहीत धरतं ते एकेक तपासलं.

सूत्राला वाटतं की बाटल्या वर्षभर एकाच वेगाने लागतात, महिन्याला 2,000. पण रातांबे पिकतात ते एप्रिल-मेमध्ये, आणि पावसाआधी झाडावरून उतरवावेच लागतात. या दोन महिन्यांत 14,000 बाटल्या लागतात आणि उरलेल्या दहा महिन्यांत मिळून 10,000. तीन महिने पुरेल म्हणून आणलेली 6,000ची खेप मे महिन्यात 26 दिवसांतच संपते.

दुसरं गृहीतक भावाचं. सूत्रात बाटलीची किंमत फक्त व्याजाच्या निमित्ताने येते, कारण भाव बदलतच नाही असं ते मानतं. व्यापारी मात्र ट्रकभर घेतल्या तर बाटली 15 रुपयांना देतो. वर्षाला 24,000 रुपये वाचले! मोठा ट्रक 5,000 घेतो, म्हणून भाडं 10,000. दुसऱ्या खेपेतल्या बाटल्या पुढच्या मार्चपर्यंत पडून राहतात, त्यामुळे सांभाळण्याचा खर्च सुमारे 21,000. बेरीज 31,000, म्हणजे सूत्राच्या कागदी खर्चापेक्षा 7,000 जास्त. तरी सूट वजा जाता मामी 17,000 रुपयांनी फायद्यात राहते. खरेदीत सूत्र सर्वाधिक मोडतं ते इथे, आणि ते मोडायलाच हवं.

मग मामी पहिल्यापासून तसंच का करत नव्हती? पैसे नव्हते. मार्चअखेर 1,80,000 रुपये बाटल्यांत घालायचे, आणि लगेच रातांबे नि साखर घ्यायला रोकड लागणार. मागचा माल मुंबईच्या दुकानदारांकडे उधारीवर अडकलेला. आम्ही H काढताना बँकेचं व्याज धरलं. पण ज्याच्याकडे रोकडच मोजकी आहे, त्याच्यासाठी पैशाची किंमत म्हणजे त्याच पैशाने रातांबे घेऊन जो नफा झाला असता तो. तो वर्षाला 40 टक्के धरला तर H 8 रुपये 40 पैसे होतो आणि सूत्राचं उत्तर 4,100च्या आसपास घसरतं. सुरुवातीची काही वर्षं मामी चार-चार हजारच आणायची. तेव्हाही ती चुकत नव्हती.

राहिला घाट. पावसाळ्यात दरड कोसळली की रस्ता बंद, म्हणून कोकणात आगोट भरतात. मामी म्हणाली, “घाट बंद पडलो तर बाटल्यो खंयसून येतल्यो?” खरं तर हा प्रश्न ‘किती’चा नाही, ‘कधी’चा आहे, आणि हॅरिसच्या सूत्रात ‘कधी’ला जागाच नाही. ते वेगळं काढावं लागतं: रोजची गरज गुणिले माल यायला लागणारे दिवस. जुलैमध्ये दिवसाला 33 बाटल्या लागतात आणि ट्रक सहा दिवसांत येतो, म्हणजे 200 बाटल्या उरल्या की फोन करायचा. घाट आणखी दहा दिवस बंद राहील असं धरलं तरी 330 बाटल्या जास्त ठेवल्या की भागतं.

मे महिन्यात मात्र दिवसाला 233 लागतात. तेव्हा ट्रक चार दिवस जरी रखडला तरी 930 बाटल्यांची खोट येते. पिंपं सरबताने भरलेली राहतात, पुढचा घाणा घालायला जागा उरत नाही, आणि दारात आलेले रातांबे नासतात. भीती जुलैची वाटते, पण नुकसान मे महिन्यात होतं. म्हणून आम्ही ठरवलं, की दुसऱ्या ट्रकचा फोन 1,400 बाटल्या उरल्यावर नाही, तर 2,300 उरल्यावर करायचा. तो दिवस 11 मेच्या सुमारास येतो, आणि मामीने तो कॅलेंडरवर लाल पेनाने खुणावून ठेवला आहे.